मायक्रोसॉफ्ट ३६५ : पर्सनल, फॅमिली आणि मुदत संपल्यानंतरचे पाच आठवडे

लातूरला आम्ही पहिले सात महिने मायक्रोसॉफ्ट ३६५ ची, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या वर्गणीची, पर्सनल योजना घेतली होती आणि माझ्याच खात्याने सगळे घर चालवत होतो. इन्स्टॉल कितीही उपकरणांवर करता येते, मात्र एका वेळी पाचच उपकरणांवर साइन-इन राहता येते, आणि ही मर्यादा आम्हाला कधी जाचली नाही. जाचले ते वेगळेच. खाते एक म्हणजे वनड्राइव्ह ही फायलींची इंटरनेटवरची साठवणही एकच, त्यामुळे शेतीच्या खर्चाचा हिशेब, पुण्यात शिकणाऱ्या मुलीचे प्रोजेक्ट आणि परभणीच्या धाकट्या भावाचे लग्नाचे फोटो एकाच १ टीबीत एकत्र पडले. मुलीने एकदा फोल्डर ‘आवरले’, तेव्हा माझी खरिपाची शीट मला रिसायकल बिनमधून काढावी लागली.

म्हणून फॅमिली योजना घेतली. तीत माझ्यासह सहा जण बसतात आणि प्रत्येकाला स्वतःच्या खात्यावर स्वतंत्र १ टीबी मिळते, पाच उपकरणांची मर्यादाही प्रत्येकाची वेगळी असते. सहा टीबींची एक सामाईक कोठी मिळते असे मी समजत होतो, पण तसे नाही. माझी न वापरलेली जागा भावाला देता येत नाही, आणि शेअर केल्याशिवाय कोणाच्या फायली दुसऱ्याला दिसतही नाहीत. वर्गणी मात्र एकाच्याच नावावर असते, आणि ती चुकली की सगळ्यांचीच चुकते.

ती माझ्या हातून चुकली. बँकेने नवे कार्ड दिले, ते खात्यात भरायचे राहून गेले. काही दिवसांनी वर्डच्या शीर्षकपट्टीत Unlicensed Product असे दिसू लागले. फायली उघडत होत्या, छापता येत होत्या, पण एक अक्षरही बदलता येत नव्हते. मुलीच्या फायली जेमतेम २ जीबी होत्या, म्हणजे मोफत मिळणाऱ्या ५ जीबीच्या आतच, त्यामुळे ती ब्राउझरमधल्या मोफत वर्डवर निर्धास्त लिहीत राहिली. भावाचे ६० जीबी होते. त्याचे सिंक थांबले, नवे काही चढेना. असलेले उतरवून घेता येत होते एवढेच. त्यातच त्याच्या लॅपटॉपवर बहुतेक फोटोंपुढे ढगाचे चिन्ह होते. नाव दिसते, पण फोटो संगणकावर नसतो, अशी ती खूण आहे. फोल्डरवर उजवी क्लिक करून Always keep on this device निवडल्यावर ते खरोखर खाली उतरले, आणि त्याला दोन रात्री गेल्या. मर्यादेबाहेर सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास कंपनी फायली काढून टाकू शकते, म्हणून ही घाई.

पाच आठवड्यांनी वर्गणी भरली, तेव्हा पुन्हा इन्स्टॉल करावे लागले नाही. त्याच खात्याने साइन-इन करताच लिहिणे सुरू झाले. दोघांपुरते पाहणाऱ्याने आधी प्रत्येकाची जागा मोजावी. एकाची ५ जीबीच्या आत असेल आणि त्याला ब्राउझरमधले वर्ड-एक्सेल पुरत असेल, तर दुसऱ्यासाठी पर्सनल घेऊन त्याला मोफतवर ठेवणेही चालते. दोघांचेही भावासारखे ५ जीबीत भागत नसेल, तर फॅमिली सोयीची पडते.