भक्तनिवासाची खोटी पावती

आई-वडिलांना पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूरचे दर्शन घडवायचे ठरले, तेव्हा वडील 78 वर्षांचे होते आणि आईचे दोन्ही गुडघे दुखत होते, म्हणून मुक्कामाची जागा मी भाड्यापेक्षा पायऱ्या आणि कमोड पाहूनच निवडणार होतो. पंढरपुरात मला परवडणारी लिफ्टची हॉटेले मंदिरापासून लांब होती, तर मंदिरालगतच्या घरगुती निवासांत जेवणाची सोय चांगली असली तरी जुन्या वाड्यांचे जिने फार उभे होते. भक्तनिवासात तळमजल्याची खोली मिळाली तर दोन्ही अडचणी सुटणार होत्या, म्हणून मी भक्तनिवास पसंत केले.

इंटरनेटवर शोधताना सर्वांत वर आलेल्या संकेतस्थळावर त्या भक्तनिवासाचे नाव, इमारतीचे छायाचित्र आणि एक मोबाईल क्रमांक होता. ते पान म्हणजे पैसे भरून दिलेली जाहिरात आहे, हे मी पाहिलेच नाही. फोनवरच्या गृहस्थाने अत्यंत नम्रपणे आई-वडिलांच्या वयाची चौकशी केली, 'तळमजला, कमोड, दोन रात्री' असे सांगून 1,800 रुपयांसाठी क्यूआर कोड पाठवला आणि लगेच शिक्क्याची पावतीही दिली. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसले होते. तिथेच थांबायला हवे होते, परंतु 'ते आमच्या लेखापालांचे खाते आहे' हे उत्तर मला पटले.

निघण्याच्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला की ज्येष्ठांच्या खोलीसाठी 5,000 रुपये अनामत भरावी लागते आणि ती खोली सोडताना परत मिळते. गाडीत सामान चढवण्याच्या घाईत मी तीही भरली. पुढे प्रवासात 'नोंद अडकली आहे, तेवढीच रक्कम पुन्हा पाठवा, दोन्ही परत येतील' असे तो म्हणाला, तेव्हा मला शंका आली आणि मी नकार दिला.

रात्री भक्तनिवासाच्या खिडकीवर पावती दाखवली. तिच्यावरचा क्रमांक त्यांच्या नोंदवहीत नव्हता आणि सर्व खोल्या भरल्या होत्या. आई बाकावर गुडघे चोळत बसली होती, ते पाहून मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटले.

तिथूनच मी 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली. त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक आणि वेळ विचारली, म्हणून हे तपशील आणि संभाषण कुणीही पुसू नये. नऊ दिवसांपूर्वीचे 1,800 रुपये केव्हाच पुढे गेले होते, मात्र त्याच दुपारचे 5,000 रुपये समोरच्या खात्यात गोठवले गेल्याचे नंतर कळले. ते अद्याप हाती आलेले नाहीत.

त्या रात्री एका घरगुती निवासाच्या मालकीणबाईंनी व्हिडिओ कॉलवर उंबरठा, न्हाणीघर आणि कमोड दाखवला, आणि पैसे खोली पाहिल्यावरच द्या, असे सांगितले. अक्कलकोट आणि तुळजापूरच्या खोल्याही मी याच पद्धतीने ठरवल्या.