तोंड आल्यावर वेलदोडा, मध की खोबरेल: निवड कशी करावी आणि थांबावे कुठे

सातारा भागात घरात कुणाचे तोंड आले की तीन सल्ले हमखास मिळतात: वेलदोड्याची पूड मधातून लावा, नुसता मध लावा, नाहीतर खोबरेल फिरवा. ओठाच्या किंवा गालाच्या आत मसुराएवढा, मधे पिवळसर, भोवती लाल कडा असलेला आणि तिखटाचा घास लागताच चरचरणारा फोड बहुधा साधा असतो व तो ७ ते १४ दिवसांत आपोआप भरतो. त्यामुळे यांपैकी कशाने फोड बरा होतो यापेक्षा, तो भरेपर्यंत कशाने जेवता येते, यावर तुलना करणे योग्य ठरेल.

मला तिघांत मध उजवा वाटतो. तो जखमेवर चिकट थर धरतो, त्यातल्या घट्ट साखरेमुळे जंतू सहज वाढत नाहीत, आणि काही लहान अभ्यासांत मध लावलेल्यांचे दुखणे कमी झालेले दिसले आहे. जेवणानंतर चूळ भरावी, फोडावरची लाळ स्वच्छ कापडाने टिपून घ्यावी, धुतलेल्या बोटाने दोन-तीन थेंब लावावेत आणि पंधरा-वीस मिनिटे काही खाऊ-पिऊ नये. असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. लाळ न टिपता लावलेला मध लगेच गिळला जातो, आणि मग ‘मधाने काही झाले नाही’ अशी तक्रार होते. रात्री दात घासल्यावर मात्र तो लावू नये, कारण झोपेत लाळ कमी असते आणि साखर दातांवर राहते. एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही कारणाने देऊ नये. २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झालेल्या महाबळेश्वरजवळच्या मांघरचा मध आमच्याकडे आवर्जून आणला जातो. फोडाला मात्र कोणताही भेसळ नसलेला मध चालतो.

वेलदोड्याने तोंडाला गारवा आणि सुवास येतो, पण जखम त्यामुळे लवकर भरते असे म्हणण्याइतका आधार नाही. शिवाय खलबत्त्यात कुटलेल्या पुडीत सालीचे टोकदार कण राहतात आणि ते फोडावर घासतात. लावायचीच असेल तर सालीशिवाय नुसते दाणे कुटून पूड वस्त्रगाळ करावी, अर्धा चमचा मधात एक चिमूटच घालावी आणि एक-दोन मिनिटांत चुरचुर थांबली नाही तर चूळ भरून टाकावी.

खोबरेल तेल झोंबत नाही, म्हणून लहान मुलांसाठी, मधुमेह्यांसाठी आणि मध सहन न होणाऱ्यांसाठी मी खाद्य खोबरेलच निवडेन. पण लाळेबरोबर ते लवकर निघून जात असल्याने अधिक वेळा लावावे लागते. सुके खोबरे चावण्याचा सल्ला टाळावा, कारण त्याची कठीण कड जखमेला खरवडते. जेवण जात नसेल तर नारळपाणी प्यावे, मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच.

दुखणे कमी होणे म्हणजे फोड भरणे नव्हे, हे माझ्या आत्यांच्या बाबतीत कळले. त्यांनी जिभेच्या डाव्या कडेवरच्या फोडाला तीन आठवडे वेलदोडा-मध लावला, आणि चरचर कमी झाल्याने त्या निश्चिंत होत्या. मी बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा फोड तेवढाच होता आणि त्याला लागूनच तुटलेल्या दाढेची धारदार कड होती. दंतवैद्यांनी हातमोजा घालून फोडाची कड दाबून पाहिली, ती टणक नसल्याची खात्री केली, दाढ घासून गुळगुळीत केली, मिश्री बंद करायला सांगितले आणि १४ दिवसांनी परत बोलावले. तोपर्यंत भरला नाही तर तुकडा काढून तपासू, असे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. तो भरला.

यावरून मी मर्यादा दोन आठवड्यांची धरते. त्यानंतरही फोड तसाच असेल तर तो दुखो वा न दुखो, दंतवैद्यांना किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावा. न दुखणारा, कडा टणक लागणारा, सहज रक्त येणारा किंवा लाल-पांढऱ्या चट्ट्यातला फोड, मानेत गाठ, कारण नसताना हलणारा दात, तोंड कमी उघडणे किंवा गिळताना अडथळा असेल तर दोन आठवडेही थांबू नये. तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सुपारीची सवय असलेल्यांनी तर मुळीच नाही. ताप येऊन तोंडभर फोड आले आणि पाणीही गिळता येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फोड भरतात पण दर महिन्याला नवे येतात, अशा वेळी लोह, बी-१२ आणि फोलेट यांची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण ही कमतरता वरून लावलेल्या कशानेच भरत नाही. फोड प्रथम दिसला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि आत्यांना त्याचे उत्तर देता आले नव्हते.