जुने कॉम्प्युटर ‘मेलेले’ ठरवून नेणाऱ्यापासून सावध राहा (माझे अकरा गेले)

पांढरी पिकअप, सोबत एक पोरगा, हातात ब्लोअर आणि गळ्यात कसलंतरी ओळखपत्र. असा माणूस ‘ई-वेस्ट कंपनीतून आलो’ म्हणत तुमच्या दारात आला, तर चहा पाजायच्या आधी हे वाचून घ्या. भंगारवाले काटा मारतात, हे काय तुम्हाला वेगळं सांगायचं? हा काटा मारत नाही. वजन अगदी बरोबर करतो. त्याची चलाखी वजनाच्या आधीच उरकलेली असते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं केंद्र आहे. नवीन मशीन घेतल्या तेव्हा जुने बारा डेस्कटॉप मागच्या खोलीत गेले. त्यातले तीन मेल्याची खात्री होती, मृगाच्या पहिल्याच पावसात वीज पडली तेव्हाच ते गेले होते. बाकीचे ठेवले तेव्हा चालत होते, पण दोन वर्षं बंद. त्यात आमच्याकडे कापसाच्या सीझनमध्ये कॅबिनेटच्या पंख्यात किती तूस जमतं, ते बघितलेल्यालाच कळेल. त्यामुळे तो म्हणाला की सगळे गेले, तर मला ते खरं वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

आल्या आल्या तो म्हणाला, “भाऊ, आंधी हवा मारून घेतो, मंग एकेक चालू करून पाहू. चालू निघाला तं त्याचे अलग पैसे.” मला हे इमानदारीचं वाटलं. ब्लोअर सुरू झाला, खोलीभर धूळ उठली, आणि पोराने मला हाताला धरून बाहेर काढलं. “डोयात जाईन जी.” दहा-पंधरा मिनिटं मी ओट्यावर आणि ते दोघं आत.

मग त्याने माझ्यासमोर एकेक कॅबिनेट मॉनिटरला जोडलं. बटण दाबलं की पंखा फिरायचा, लाइट लागायचा, पण स्क्रीन काळीच. बीपसुद्धा नाही. अकराच्या अकरा असेच. दरवेळी तो चुकचुकायचा. “बोर्ड गेला भाऊ. याच्यात काई जीव नाई रायला.”

आणि मला ते दिसलं होतं, याचाच संताप येतो. उघड्या कॅबिनेटमध्ये एक छोटा चौकोनी प्लग लोंबत होता, दोन पिवळ्या आणि दोन काळ्या वायरींचा. मी बोट दाखवून विचारलंसुद्धा, हे कशाचं? तो हसून म्हणाला, “एक्स्ट्रा असते जी ते, सगळ्याच सप्लायला असते.” आता यात मी काय ओळखणार? एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, चार-दोन जादा प्लग निघालेले असतातच, आणि रिकामे लोंबतातही. मी केंद्र चालवतो, रिपेअरिंग करत नाही.

पण तो प्लग जादा नव्हता. मदरबोर्डला वीज दोन जागी द्यावी लागते. एक तो मोठा चोवीस पिनांचा प्लग आणि दुसरा हा चार पिनांचा, जो थेट प्रोसेसरसाठी 12 व्होल्ट पुरवतो. मोठा लावून छोटा काढून ठेवला, तर पंखा फिरतो, लाइट लागतो, पण प्रोसेसर उपाशी राहतो. म्हणून डिस्प्ले नाही आणि बीपही नाही. धुळीच्या आडोशाने त्याने प्रत्येक मशीनचा हा एक प्लग काढला होता, बस्स. एक पाना लागला नाही, एक स्क्रू फिरवावा लागला नाही. जादा प्लग आणि हा प्लग यांत फरक कसा करायचा, तेही लिहून ठेवा. हार्डडिस्क, सीडीसाठीच्या जुन्या चार वायरींच्या प्लगमध्ये एक लाल वायर असते आणि चारही भोकं एका ओळीत असतात. प्रोसेसरच्या प्लगमध्ये लाल वायर नसते आणि भोकं दोनावर दोन, चौकोनी. काही बोर्डांना असे दोन जोडून आठ पिनांचा येतो.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी खटकायला हवी होती. अकरा मशीन एकाच आजाराने मरत नाहीत. खऱ्या बंद पडलेल्या मशीनचं प्रत्येकाचं वेगळं असतं. एखादी बटण दाबूनही ढिम्म हलत नाही, तिचा बहुतेक एसएमपीएस गेलेला असतो. एखादी सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते. एखादी बीप बीप करत राहते, ती रॅमची तक्रार असते, आणि पुष्कळदा रॅम काढून सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने घासून परत बसवली की ती चालू होते. बोर्डावरचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा पाझरलेले दिसले तर तो बोर्ड संशयित. विजेने गेलेल्या माझ्या तीन मशीनचं तरी दुखणं बाकीच्यांसारखं कसं असेल, हे मनात यायला पाहिजे होतं. उन्हाचा पारा पंचेचाळीसवर, काउंटरवर फॉर्मवाल्यांची रांग. नाही आलं.

मग व्यवहार झाला तो असा. अकरा कॅबिनेट, वजन 83 किलो, मिक्स भंगार 28 रुपये किलो, म्हणजे 2,324 रुपये. त्यातून ‘विल्हेवाट प्रमाणपत्रा’ची फी 1,500 आणि त्यावर जीएसटी 270 असे 1,770 कापले. माझ्या हातात 554 रुपये आले. वर त्याने सही-शिक्क्याचा कागद दिला आणि मी तो फाइलला लावला.

बारावं कॅबिनेट परीक्षेच्या जुन्या बॅनरखाली दबून राहिलं होतं, म्हणून वाचलं. दिवाळीत भाचा आला. तो पॉलिटेक्निकला आहे. त्याने खोलून बघितलं, जळलेलं काही दिसेना, बटण दाबलं आणि स्क्रीन लागली. मी त्याला लोंबणाऱ्या प्लगची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. फक्त त्या चालू मशीनचा तो प्लग काढला आणि परत बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी, बीप नाही. “मामा, असंच दिसलं होतं ना?”

त्याने नागपूरला सीताबर्डीतल्या ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन लावून भाव विचारला. चार जीबीची जुनी रॅम 400, आमच्यातला आय-थ्री प्रोसेसर 600, चालता बोर्ड असेल तर 1,200. बोर्ड सोडूनच द्या. विजेचे तीनही सोडा. उरलेल्या आठ मशीनची नुसती रॅम आणि प्रोसेसर धरले तरी 8,000 रुपये होतात. रॅमची पट्टी आणि प्रोसेसर मिळून पाव किलोसुद्धा भरत नाही आणि मी ते लोखंडाच्या भावात दिले. डेस्कटॉप बंद पडतो तेव्हा सहसा एसएमपीएस जातो नाही तर बोर्ड. प्रोसेसर आणि रॅम क्वचितच मरतात. म्हणून मशीन बंद असली तरी हे दोन्ही हाताने काढून घ्या, मग उरलेलं विका. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात.

पैशाचं मी विसरलो असतो. खरी झोप उडाली ती हार्डडिस्कमुळे. नागपूरहून एका भल्या माणसाचा फोन आला. त्याने सेकंडहँड डिस्क घेतली होती, फाइल परत आणायचं सॉफ्टवेअर लावलं तर आमच्या गावच्या पोरांचे जातीचे दाखले, मार्कशीट, आधारचे स्कॅन निघाले. एका पावतीवर माझा नंबर होता म्हणून त्याने फोन केला. दुसऱ्या कोणी केला असता का? मी तर सगळ्या डिस्क फॉरमॅट करून ठेवल्या होत्या! साध्या क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, माल जागेवरच राहतो. चालू डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून अॅडमिन म्हणून हे चालवायचं असतं:

```
diskpart
list disk
select disk 1
clean all
```

इथला 1 हा आकडा डोळे झाकून टाकू नका. यादीत साइज बघून आपली जुनी डिस्क कोणती ते ठरवा, नाही तर जोडलेली दुसरीच कामाची डिस्क साफ होईल. नुसतं clean लिहिलं तर पुन्हा तेच, यादीच जाते. all लावलं की शेवटपर्यंत शून्य लिहिले जातात. 500 जीबीला दीड-दोन तास, जुनी असेल तर जास्त. डिस्क चालूच होत नसेल तर खोलून आतल्या तबकडीला ड्रिलने भोकं पाडा.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. “तुम्ही विकलं, त्यानं पैसे देल्ले, पावती हाय. मंग फसवणूक कोणती?” प्लगचं समजावून सांगितलं तर म्हणे, कॉम्प्युटरचं मॅटर आहे, सायबरला जा. जिल्ह्याला सायबरमध्ये गेलो. ऑनलाइन पैसे गेले का? नाही. मग हे आमचं नाही, तुमच्या ठाण्यात जा. आधारच्या स्कॅनचं काय, विचारलं तर म्हणाले गैरवापर झाला की या. म्हणजे कोणाच्या नावावर कर्ज निघेपर्यंत थांबायचं! प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात फोन उचलणाऱ्याने मलाच झापलं, नोंदणी बघून द्यायचं होतं. बरोबर आहे, पण बघायचं कुठे हे गावात कधी कोणी सांगितलं? एक बोर्ड तरी लावला? वरून नगरपंचायतीने कहर केला. नाल्याकाठी वायरी जाळून तांबं काढलेलं आणि रिकामी कॅबिनेटं फेकलेली सापडली. कॅबिनेटवर आमच्या केंद्राचं नाव पेंटने लिहिलेलं. दंड मला, 500 रुपये. प्रमाणपत्र दाखवलं तर तो कर्मचारी म्हणतो, “हे कोर्टात दाखवा.” 554 मधून 500 गेले. साऱ्या व्यवहारात कमाई 54 रुपये आणि गावभर बदनामी.

आणि ते प्रमाणपत्र! त्यावर 2016 च्या नियमांखाली ‘अधिकृत संकलन केंद्र’ असं छापलेलं. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे 2022 चे नियम लागू आहेत. त्यात नोंदणी फक्त चौघांची होते: उत्पादक, निर्माता कंपनी, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्चक्रण करणारा. संकलन केंद्र नावाची नोंदणीच त्यात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेलं नाव शोधा, नुसता शिक्का बघू नका. जीएसटी नंबर तर मीच मोजायला हवा होता. तो 15 अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. माझ्या बिलावर 14 अक्षरंच आहेत. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करताही नंबर टाकून बघता येतो, तो मी विकून झाल्यावर बघितला.

जिल्हा परिषदेच्या शाळांनो, तुमच्या डेडस्टॉक रजिस्टरवर जुने संगणक पडलेत, निर्लेखनाच्या फाइली अडकल्यात, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. शेजारच्या गावच्या मुख्याध्यापकांना मागच्या आठवड्यात त्याचा नव्या नंबरवरून फोन आला. मी सरांना सगळं सांगून ठेवलं होतं. तो आला, ब्लोअर काढला, सर खुर्ची घेऊन दारातच बसले आणि म्हणाले, मार हवा, मला धुळीची सवय आहे. त्याने दोन कॅबिनेटं नुसती पुसली, मग वजनकाटा गाडीत विसरला असं म्हणून बाहेर गेला. पिकअप सुरू झाल्याचा आवाज सरांना वर्गात ऐकू आला. घाईत ब्लोअर तिथेच राहिला, तो सरांनी पंचनाम्यासाठी ठेवलाय. ठाण्यातून अजून कोणी आलेलं नाही.