उंच व्हॉल्यूमची कँडल: दम संपल्याची की ब्रेकआउटची?

चार्टवर सरासरीच्या पाचपट व्हॉल्यूम दिसला की दोन उलटे सल्ले कानावर येतात. एक म्हणतो, "मोठे खेळाडू आत आले, घ्या." दुसरा म्हणतो, "ही शेवटची धावाधाव आहे, थांबा." दोघेही त्याच खांबाकडे बोट दाखवत असतात. व्हॉल्यूम फक्त इतकंच सांगतो की खूप शेअर हात बदलले. ते कोणाकडून कोणाकडे गेले, हे कळायला तो खांब चालीच्या कोणत्या टप्प्यावर उभा राहिला आणि भाव कुठे बंद झाला, हे पाहावं लागतं.

एक काल्पनिक शेअर घेऊ. 11 आठवड्यांत तो 240 वरून 150 वर आला आहे. रोजचा व्हॉल्यूम साधारण 10 लाख आणि दिवसाची उच्च-नीच रेंज 5 पॉइंटांच्या आसपास. मग तीन दिवस ओळीने व्हॉल्यूम चढतो: 18, 24, 31 लाख. चौथ्या दिवशी भाव खाली गॅप देऊन 143 ला उघडतो, 131 पर्यंत कोसळतो, तिथून उचलला जातो, 147 ला शिवतो आणि 142 वर बंद होतो. व्हॉल्यूम 62 लाख, रेंज 16 पॉइंट. हा सेलिंग क्लायमॅक्स, म्हणजे घबराटीच्या विक्रीचा कळस.

बंद भाव रेंजमध्ये कुठे पडला, हे मोजायला एक साधं सूत्र पुरतं:

```
(Close - Low) / (High - Low)
```

इथे ते 11 भागिले 16, म्हणजे 0.69 येतं. भाव आदल्या दिवसाच्या 150 पेक्षा खालीच आहे, पण रेंजच्या वरच्या भागात आहे. एवढा माल ओतूनही विक्रेत्यांना 131 चा तळ बंद होईपर्यंत टिकवता आला नाही. यातली बरीच विक्री नाइलाजाची असते: मार्जिन कॉल आलेले, स्टॉप लॉस उडालेले, तोटा सहन न होऊन बाहेर पडलेले. ही माणसं एकदा विकून मोकळी झाली की उद्या त्यांच्याकडे विकायला काही उरत नाही. दम संपतो तो असा.

पुढे पाच दिवसांत भाव 160 पर्यंत उसळतो. या उसळीत शॉर्ट कव्हरिंगचा वाटा मोठा असतो, म्हणून तिच्यावर भाळू नये. खरी परीक्षा तीन आठवड्यांनी होते. भाव पुन्हा 134 ला येतो, पण या वेळी व्हॉल्यूम 13 लाख आणि रेंज 6 पॉइंट. त्याच पातळीजवळ विक्री इतकी आटली, हाच क्लायमॅक्स खरा ठरल्याचा पुरावा. परत येताना 40-50 लाख व्हॉल्यूम दिसला असता, तर विक्रेते अजून बाकी आहेत आणि 131 तुटण्याची शक्यता दाट आहे, असंच मानावं लागलं असतं.

आता याच शेअरचा ब्रेकआउट. सात आठवडे भाव 134 ते 160 मध्ये फिरतो, व्हॉल्यूम 9 लाखांवर स्थिरावतो. मग एके दिवशी तो 157 ला उघडतो, 156 चा नीचांक आणि 168 चा उच्चांक करून 167 वर बंद होतो. व्हॉल्यूम 27 लाख, सूत्राचं उत्तर 0.92. क्लायमॅक्सपेक्षा व्हॉल्यूम निम्म्याहून कमी, तरी भाव मात्र वाटेतला अडथळा ओलांडून पलीकडे टिकला. 160 जवळ सुटका करून घ्यायला बसलेल्यांचा माल खरेदीदारांनी उचलला आणि तरीही त्यांची भूक उरली. ब्रेकआउटला विक्रमी व्हॉल्यूम लागत नाही. शांत काळाच्या दोन-तीन पट पुष्कळ होतो, पण तो पुढेही टिकावा लागतो. इथे पुढचे दोन दिवस 19 आणि 16 लाख होतात, आणि नंतर भाव 161 पर्यंत मागे येतो तेव्हा फक्त 8 लाख. वर जाताना गर्दी, मागे येताना शुकशुकाट.

तळापेक्षा माथ्यावर जास्त फसगत होते, कारण बायिंग क्लायमॅक्सही नवा उच्चांकच करतो. समजा चार महिन्यांनी हाच शेअर 250 वर आहे, चढण रोज अधिक उभी होते आहे आणि चांगल्या बातमीवर तो 254 ला गॅप देऊन उघडतो. दिवसभरात 271 उच्चांक, 252 नीचांक, 256 बंद, व्हॉल्यूम 70 लाख. उत्तर 0.21. आदल्या दिवसापेक्षा भाव वरच आहे, त्यामुळे पडद्यावर हिरवा आकडा दिसतो आणि लोक त्याला ब्रेकआउट समजतात. पण 160 च्या पातळीपासून भाव 60 टक्के वर आलेला आहे. खऱ्या ब्रेकआउटच्या दिवशी तो जेमतेम 4 टक्के वर होता. उशिरा आलेल्यांची गर्दी हीच मोठ्या धारकांना माल सोडायची संधी असते. शिवाय माथा एका दिवसात पूर्ण होईलच असं नाही. भीती एका दिवसात फुटते, हाव आठवडेच्या आठवडे रेंगाळते. म्हणून माथ्यावर एका कँडलवरून शॉर्ट करणं मला चूक वाटतं. पोझिशन हलकी करणं आणि स्टॉप वर ओढून 252 च्या जरा खाली आणणं एवढंच पटतं.

क्लायमॅक्स म्हणजे अंतिम तळ, असंही धरू नये. 10 ऑक्टोबर 2008 ला अमेरिकी बाजारात प्रचंड व्हॉल्यूमवर घबराटीची विक्री झाली आणि S&P 500 दिवसाच्या नीचांकावरून सावरून 899 वर बंद झाला. उसळ्याही आल्या. पण 20 नोव्हेंबरला तो 752 वर आणि 9 मार्च 2009 ला 677 वर बंद झाला. पहिल्या घबराटीने त्या दिवसाचे विक्रेते संपवले, संकट संपवलं नाही.

मोजताना आधी खोटे खांब बाजूला काढावेत. इंडेक्समधल्या फेरबदलाचा दिवस, एक्स्पायरी, मोठी ब्लॉक डील यांत व्हॉल्यूम फुगतो, पण त्यामागे भीतीही नसते आणि हावही नसते. स्प्लिटनंतर जुना व्हॉल्यूम जुळवून घेतलेला नसेल तर प्रत्येक नवा दिवस क्लायमॅक्ससारखा दिसतो. सरासरीत क्लायमॅक्सचा दिवस धरला तर पुढचे अनेक आठवडे सगळं शांत वाटतं. त्यापेक्षा आधीच्या 50 दिवसांचा मध्यक घ्यावा.

राहिला प्रश्न कुठे शिरायचं याचा. क्लायमॅक्सच्या दिवशी नाही. 134 च्या परीक्षेनंतर भाव वळला की 138 ला घेऊन 130 ला स्टॉप ठेवला, तर जोखीम 8 पॉइंट. ब्रेकआउटला 167 वर घेऊन स्टॉप 155 ला ठेवला तर 12 पॉइंट. तेवढाच तोटा सोसायचा असेल तर पहिल्या ठिकाणी 300 शेअर बसतात, दुसऱ्या ठिकाणी 200. पहिल्यात भाव चांगला, पण सात आठवडे रेंजमध्ये अडकून बसायची तयारी हवी आणि 131 तुटण्याचा धोका जास्त. दुसऱ्यात महाग पडतं, पण चूक झाली तर लवकर कळते: भाव पुन्हा 160 च्या खाली बंद झाला आणि व्हॉल्यूम तरी वाढलेलाच असला, तर ब्रेकआउट फसला. तिथे 155 ची वाट न पाहता बाहेर पडावं. ज्याला रेंजमध्ये आठवडेच्या आठवडे अडकून राहणं जमत नाही, त्याने दुसराच मार्ग घ्यावा, आणि शक्य तर 161 ला परत आलेल्या शांत दिवसाची वाट पाहावी. तिथे स्टॉप तोच, पण जोखीम निम्मी.