आठ महिने वाढीव भाडं भरलं: संध्याकाळी पटलं, पहाटे नाही

गेल्या पावसाळ्यापासून छत्रपती संभाजीनगरात मी अ‍ॅपवरून गाडी बोलावतोय. संध्याकाळी वाळूज एमआयडीसीतून सिडकोला घरी यायला, आणि महिन्यातून एकदा आईला उपचारांनंतर मुंबईहून आणतो तेव्हा पहाटे रेल्वे स्टेशनवरून. भाडं वाढलेलं दिसलं की वहीत दोन आकडे लिहायचो: भाडं किती, आणि गाडी किती मिनिटांत येणार. भाड्याचा राग सगळ्यांनाच येतो. पण माझं मत बदललं ते मिनिटांच्या आकड्यामुळे.

आधी संध्याकाळचं सांगतो. सहाला शिफ्ट सुटते, त्यात पाऊस. एरवी 310 रुपये दाखवणारं भाडं 430 होतं. सुरुवातीला मी चिडून फोन खिशात टाकायचो. नंतर लक्षात आलं, पंधरा मिनिटांत गाडीची वेळ 19 मिनिटांवरून 7 वर आलेली असायची. हे कसं होतं ते छोट्या आकड्यांत मांडतो. समजा गेटवर 20 जणांना गाडी हवी आहे आणि जवळपास 8 गाड्या आहेत. भाडं वाढलं की 9 जण म्हणतात, राहू दे, शेअर रिक्षानं जाऊ किंवा चहा घेऊन थांबू. उरले 11. तिकडे घरी निघालेले तीन गाडीवाले भाडं बघून वळतात. 11 माणसं, 11 गाड्या. ज्या भाड्याला मागणी आणि पुरवठा असा जुळतो, ते बाजार जुळवणारं भाडं.

भाडं वाढलंच नसतं तर? जवळच्या गाड्या संपल्यावर अ‍ॅप क्रांती चौकातली गाडी जोडतं. ती गर्दीतून रिकामी येणार, तेवढ्या वेळात तिच्या गावातल्या दोन फेऱ्या बुडणार, आणि बहुतेक वेळा गाडीवाला मध्येच रद्द करणार. एका गाडीवाल्यानं मला फोनवर सरळ सांगितलं, "दादा, तुमच्यापर्यंत रिकामा यायलोय, त्याचं डिझेल कोण देणार?" त्याचं चूक नव्हतं. म्हणजे स्वस्त भाड्यात गाड्या तेवढ्याच राहतात आणि फेऱ्या मात्र कमी होतात.

आता पहाट. जुलैमधली गोष्ट. साडेचारला रेल्वेतून उतरलो, पाऊस धो धो. स्टेशन ते सिडको 140 चं भाडं 260 झालेलं. आईला बाकावर बसवलं आणि वाट पाहिली. वेळ दाखवत होती 14 मिनिटं. वीस मिनिटांनी पाहिलं तर भाडं 280, वेळ तीच 14. त्या वेळी शहरातले गाडीवाले झोपलेले असतात, भाडं वाढलेलं कुणी बघतच नाही. आणि उतरलेल्या माणसाला सामान, म्हातारं माणूस, लेकरू घेऊन दुसरीकडे जाता येत नाही. त्यामुळे भाडं इथंही बाजार जुळवतं, पण नवी गाडी आणून नाही, माणसं गाळून. गळतो कोण? ज्याची गरज कमी तो नाही, ज्याच्या खिशात कमी तो. आमच्या शेजारच्या बाकावर एक बाई होत्या, पायाला प्लास्टर, सोबत शाळकरी मुलगा. त्यांनी भाडं बघितलं, फोन पिशवीत ठेवला आणि उजाडायची वाट बघत बसल्या. मी 280 भरून निघालो. त्यांची गरज माझ्यापेक्षा जास्त होती, हे मला दिसत होतं.

डॅनियल काह्नमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांच्या 1986 च्या अभ्यासात लोकांना विचारलं होतं: बर्फाचं वादळ झालं, दुसऱ्या सकाळी दुकानदारानं 15 डॉलरचं फावडं 20 ला विकलं, हे योग्य का? 82 टक्के लोक म्हणाले, अन्याय. अर्थशास्त्र शिकलेले काही जण याला लोकांचं अज्ञान समजतात. मला तसं वाटत नाही. त्या सकाळी दुकानातली फावडी तेवढीच असतात, भाव वाढवून लगेच एकही वाढत नाही. आमच्या पहाटेच्या स्टेशनसारखंच.

सरकारनं यावर कमाल मर्यादा सुचवली आहे. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत ती मूळ भाड्याच्या दीडपट होती, जुलै 2025 मध्ये दुप्पट झाली. पहाटे तिचा उपयोग आहे, लूट थांबते. पण मर्यादा लागल्यावरही गाड्या तेवढ्याच. मग ज्याचं बोट आधी पडलं त्याला गाडी. प्लास्टरवाल्या बाईंना त्यानंही गाडी मिळेलच असं नाही.

आणखी एक तक्रार आहे. वाढीव 120 रुपयांतले गाडीवाल्याला किती गेले, हे मला अ‍ॅपवर कधीच दिसलं नाही. ते त्याच्यापर्यंत पोचले नाहीत तर तो घरी जाताना कशाला वळेल? मग संध्याकाळचं समर्थनही उरत नाही.

तर संध्याकाळसाठी पाचपैकी चार, पहाटेसाठी एक. ऑगस्टपासून पहाटेसाठी अ‍ॅप उघडत नाही. मुकुंदवाडीतल्या एका रिक्षावाल्या काकांशी 200 रुपये ठरवलेत, पाऊस असो नसो. कोरड्या पहाटे मी 60 रुपये जास्त देतो, आणि ओल्या पहाटे ते झोप मोडून येतात.