आठ महिने फोनच्या हॉटस्पॉटवर: डेटा शेजारी नाही, लॅपटॉपच खात होता

आठ महिने झाले, लॅपटॉपला नेट फक्त फोनच्या हॉटस्पॉटवरून. स्पीडबद्दल तक्रार नाही, फोन तापतो, ते सगळ्यांना माहितीये. माझं डोकं फिरलं ते डेटावरून. महिन्याला ५० जीबी, आणि दुसऱ्याच महिन्यात १९ तारखेला ठणठणाट. मी तर व्हिडिओसुद्धा कमी क्वालिटीवर बघणारा माणूस!

पहिला संशय अर्थातच आजूबाजूच्यांवर, कारण पासवर्ड होता मुलीची जन्मतारीख. कमीत कमी आठ अक्षरं लागतात आणि तारीख बरोब्बर आठ आकडी, म्हणून टाकलेली. नंतर हिशोब केला तर लाज वाटली. शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजारांच्या आसपास भरतात. लॅपटॉप कनेक्ट होतानाची देवाणघेवाण जवळपासच्या कुणी पकडून ठेवली की तो घरी बसून एकेक तारीख लावून बघू शकतो, आपल्या फोनला पत्ताही लागत नाही आणि 'तीनदा चुकलं, आता थांबा' असला प्रकारही नाही. एवढे अंदाज कॉम्प्युटरला चुटकीसरशी होतात. मग एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द आणि मधे एक आकडा असा पासवर्ड केला, khurpe-ushi-41-dagad-bhopla असल्या धर्तीचा (हाच टाकू नका, तो आता जगजाहीर झाला). लॅपटॉपवर एकदाच टाइप करायचा असतो, लांब असला म्हणून बिघडत नाही. आणि फोनवरचा क्यूआर कोड कुणालाही दाखवू नका, त्यात पासवर्ड जसाच्या तसा असतो.

पासवर्ड बदलला, छान वाटलं, आणि चार दिवसांत परत ६ जीबी गायब.

आता कनेक्ट झालेल्यांची यादी बघितली तर त्यात एकच नाव, माझाच लॅपटॉप. शेजाऱ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. फोनच्या डेटा यूसेजमध्ये हॉटस्पॉटचा फक्त एकत्र आकडा दिसतो, आत काय जळलं ते कळत नाही. ते लॅपटॉपवर बघावं लागतं, विंडोज ११ मध्ये Settings > Network & internet > Advanced network settings > Data usage. तिथे सगळा उलगडा झाला: विंडोजचा अपडेट आणि फोटोंचा क्लाउड बॅकअप. लॅपटॉपच्या दृष्टीने वायफाय म्हणजे वायफाय, ते घरच्या राउटरचं की खिशातल्या फोनचं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, फुकटचं समजून ओढत बसतो.

उपाय एका बटणाचा. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये Metered connection ऑन करायचं. मोठे अपडेट आपोआप उतरायचे थांबतात, वनड्राइव्हही सिंक थांबवतो. ब्राउझर मात्र याला जुमानत नाही, व्हिडिओ लावलात तर डेटा जाणारच. पुढचे तीन महिने ३० जीबीतच भागलं, आणि मी हा रिव्ह्यू पाच स्टारचा लिहिणार होतो.

मग फोन फारच तापायला लागला म्हणून यूएसबी केबल लावून नेट द्यायला सुरुवात केली, चार्जिंगही होतं. आणि एका रात्रीत ११ जीबी! मेटर्ड ऑन होतं की! होतं, पण वायफायवर. केबलवरचं नेट लॅपटॉपला इथरनेट म्हणून दिसतं आणि त्याचं बटण वेगळं, ते ऑफच होतं. तसंच हॉटस्पॉटचं नाव बदललंत किंवा लॅपटॉपवर ते नेटवर्क फरगेट करून परत जोडलंत तरी लॅपटॉप नवीनच ओळख समजतो आणि बटण परत ऑफ. इतकी साधी गोष्ट, जोडतानाच 'हे फोनचं नेट आहे का' एवढं विचारायला काय जातं यांचं? माझा एक स्टार याच्यावरच कापलाय.

त्या रात्रीनंतर फोनमध्येही लिमिट लावलं. ३५ जीबीला वॉर्निंग, ४६ ला बंद. पूर्ण ५० ठेवलं नाही, कारण फोनची मोजणी आणि कंपनीची मोजणी जुळेलच असं नाही, आणि कंपनीचीच खरी धरली जाते. सायकलची तारीखही रिचार्जच्या दिवसाशी जुळवावी लागते, माझी १ तारीख होती आणि रिचार्ज ७ चा, त्यामुळे पहिल्या महिन्याचा आकडा निव्वळ चुकीचा दाखवत होता. यात एक खोच आहे: लिमिट लागलं की मोबाइल डेटाच बंद होतो, म्हणजे लॅपटॉपच्या चुकीसाठी फोनवरचे मेसेजही अडकतात. काही फोनमध्ये फक्त हॉटस्पॉटपुरतं वेगळं लिमिट असतं, माझ्यात नाही.

सध्या चार स्टार. केबल लावली की आधी इथरनेटचं बटण बघतो, मग चहा ठेवतो.