हुंडी नकारली गेली: मुदत वाढवून द्यायची की दावा लावायचा?

इचलकरंजीतला एक सूत व्यापारी डोळ्यांसमोर ठेवू. त्याने कापड विणणाऱ्या गिऱ्हाइकाला ५ लाखांचं सूत उधारीवर दिलं आणि ४ जानेवारीला तीन महिन्यांची हुंडी काढली, म्हणजे ठरलेल्या तारखेला रक्कम द्यावी असा लेखी आदेश. गिऱ्हाइकाने ती सही करून स्वीकारली. व्यापाऱ्याने ती मुदतीची वाट न पाहता लगेच बँकेत वार्षिक १२ टक्क्यांनी वटवली. १५ हजार कापून ४ लाख ८५ हजार खात्यात आले, आणि ते पुढच्या खरेदीत गेलेही. तीन महिने आणि सवलतीचे तीन दिवस धरून हुंडी ७ एप्रिलला देय झाली. त्या दिवशी गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत.

बँकेने नोटरीकडून नकाराची नोंद करून घेतली, त्याचे ५०० रुपये लागले. मग ५ लाख ५०० रुपये व्यापाऱ्याच्या खात्यातून वळते केले. हुंडी वटवली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असा समज इथे मोडतो. हुंडी काढणारा माणूस नकाराची सूचना मिळताच बँकेला देणं लागतो. वहीत गिऱ्हाइकाच्या नावे ५ लाख ५०० पुन्हा चढवायचे. सुरुवातीचे १५ हजार मात्र आपला वटवण्याचा खर्च. ते त्याच्या खात्यावर टाकता येत नाहीत. बँकेला पैसे दिल्यावर मूळ हुंडी आणि नकाराची नोंद असलेला कागद आधी ताब्यात घ्या. त्याशिवाय पुढचा कुठलाच रस्ता नीट चालत नाही.

आता गिऱ्हाईक म्हणतो, "दोन महिने द्या, नवी हुंडी करू." मुदतवाढीचा हिशेब असा बसतो: त्याने १ लाख ५०० रोख द्यायचे, उरलेल्या ४ लाखांवर १५ टक्क्यांनी दोन महिन्यांचं व्याज १० हजार, म्हणून नवी हुंडी ४ लाख १० हजारांची. कागदावर हे फायद्याचं दिसतं. पण जुनी हुंडी गिऱ्हाइकाला परत दिली की हातात फक्त नवी राहते. तिच्यावर लागणारा मुद्रांक चुकला तर इतर कागदांसारखा दंड भरून तो दोष दुरुस्त करता येत नाही. हुंडी पुराव्यात येतच नाही. शिवाय ही दुसरी हुंडी पुन्हा वटवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ती परत आली तर बँकेतली तुमची पतही जाते.

दाव्याची बाजू वेगळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली हुंडीवर संक्षिप्त दावा लावता येतो. समन्स मिळाल्यावर प्रतिवादीने दहा दिवसांत हजर व्हायचं असतं, आणि बचाव करायला त्याला कोर्टाची परवानगी लागते. हुंडीत दर लिहिलेला नसेल तर देय तारखेपासून वर्षाला १८ टक्के व्याज मागता येतं. दाव्याची मुदत देय तारखेपासून तीन वर्षं. पण "संक्षिप्त" या शब्दाला भुलू नका. ३ लाखांवरच्या व्यापारी वादात तातडीचा आदेश नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तिला तीन महिने, दोघं राजी असतील तर आणखी दोन लागू शकतात. हुकूमनामा मिळाल्यावरही वसुली वेगळी करावी लागते.

खरी अडचण बचावाच्या परवानगीत असते. "सूत कमी प्रतीचं होतं" असं त्याने आधी लेखी कळवलेलं असेल, तर परवानगी मिळण्याची आणि दावा साध्या दाव्यासारखा लांबण्याची शक्यता मोठी. म्हणून निर्णयाआधी बिलं, चलनं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप नीट वाचून काढा.

मुदतवाढीचं सगळ्यात मोठं मोल मला इथे वाटतं. नव्या हुंडीसोबत त्याच्याकडून पत्र घ्या: इतकी बाकी मान्य आहे, मालाबद्दल तक्रार नाही. उद्या दावा लावावाच लागला तर बचावाला फारशी जागा उरत नाही. जोडीला त्याच रकमेचा पुढच्या तारखेचा धनादेशही घ्या. धनादेश न वटणं हा गुन्हा ठरवणारं कलम १३८ हुंडी नकारली तर लागू होत नाही. धनादेश न वटता परत आला तर होतं. मात्र बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे.

तेव्हा विचारायचं एकच: तो आज रोख किती ठेवतो? पाचवा हिस्सा आणि पत्र दोन्ही देत असेल तर एकदाच मुदत द्या. त्याचंही पुढचं येणं अडकलंय, माग मात्र सुरू आहेत, अशी स्थिती असेल तर ही मुदत वाया जाणार नाही. रोख नाही, पत्राला टाळाटाळ, आणि माग विकायला काढलेत असं कानावर येतंय, तर दुसऱ्या हुंडीवर सही घेत बसू नका. त्या वेळी वकिलाकडे जाताना मध्यस्थी न करता मालमत्ता विकण्यावर तातडीचा मनाई हुकूम मागता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.